सातेरीचा नाच वाचताना: ओळंबा, काठीची सावली आणि दरीपलीकडची जांभळं

प्रश्न: माझ्याकडे सातेरी मधमाश्यांच्या चार पेट्या आहेत. कामकरी माश्या पेटीत नाच करून बाकीच्यांना फुलांची जागा सांगतात असं प्रशिक्षणात ऐकलं होतं, पण पेटीत तर अंधार असतो. मग त्या नेमकं सांगतात कसं? आणि तो नाच बघून माझ्या माश्या कुठे जातात हे मला काढता येईल का?

उत्तर:

काढता येईल. पण हाती जे लागेल त्याला पत्ता म्हणू नका, वाडीचं नाव म्हणा. वाडीत पोहोचल्यावर घर वासानं शोधायचं असतं. माशीही तेच करते. मी वीस-बावीस वर्षं सातेरी पाळतोय, त्यातली दहाएक वर्षं एक काचेची पेटी खास हे बघण्यासाठी ठेवली आहे. सुरुवातीला माझे अंदाज सतत चुकायचे. ते का चुकायचे हे सांगितलं तर तुमचं काम सोपं होईल.

आधी नाच काय असतो ते बघू. चांगला मकरंद किंवा पराग मिळालेली माशी परत येते आणि दाराजवळच्या पोळ्यावर, गर्दीत चढते. दारालगतचा हा भाग म्हणजे तिचा चौक. तिथे ती पोट डावी-उजवीकडे जोरात हलवत थोडं अंतर सरळ चालते. पोट सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतं आणि सोबत पंखांची बारीक गुणगुण चालू असते. मग ती हलणं थांबवते, एका बाजूनं अर्धगोल वळून मूळ जागी येते, पुन्हा तशीच सरळ डुलत जाते, आणि या वेळी दुसऱ्या बाजूनं वळून येते. बघणाऱ्याला इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा आकार दिसतो. नवखा माणूस त्या वळणांकडेच बघत बसतो. पण वळणं म्हणजे नुसतं परत येणं. सगळा मजकूर मधल्या डुलत्या धावेत असतो.

अंधाराचं उत्तरही तिथेच आहे. चार-सहा माश्या नाचणारीच्या अगदी अंगाला लागून चालतात. त्यांच्या मिशा तिच्या अंगाला लागत असतात, तिच्या पंखांनी हललेली हवा त्यांना जाणवते, आणि मधूनमधून ती थांबून पोटातला मकरंद थोडा चाटवतेही. म्हणजे हा नाच बघायचा नसून चाचपून, हुंगून आणि चाखून घ्यायचा असतो. काचेतून बघणारे आपणच तेवढे प्रेक्षक.

आता दिशा. पोळं उभं टांगलेलं असतं, बाहेरचं रान आडवं पसरलेलं असतं. आडव्या जगाची दिशा उभ्या भिंतीवर दाखवायची कशी? माशीचा तोडगा असा: भिंतीवर ‘वर’ म्हणजे सूर्याची बाजू. ती सरळ वर डुलत गेली तर फुलं सूर्याच्या दिशेला आहेत. सरळ खाली गेली तर सूर्याकडे पाठ करून जायचं. उभ्या रेषेच्या डावीकडे ६० अंश झुकून गेली तर सूर्याच्या डावीकडे ६० अंशांवर जायचं. इथे सूर्य म्हणजे सूर्याखालचा क्षितिजावरचा बिंदू. तो आकाशात किती वर आहे याचा संबंध नाही, फक्त कुठल्या बाजूला आहे एवढंच बघायचं. पेटीच्या आत सूर्य दिसत नाही, पण खाली कुठे आणि वर कुठे हे अंगाच्या वजनावरून कळतं. म्हणून सूर्याच्या जागी ती गुरुत्वाकर्षण वापरते.

आपल्याकडच्या फुलोरी माशीला हा खटाटोप करावा लागत नाही. फुलोरीचं पोळं उघड्यावर असतं, एका फांदीला लटकलेलं, आणि फांदीच्या वरच्या बाजूला त्याचा सपाट कट्टा तयार झालेला असतो. ती त्या कट्ट्यावर, आकाशाकडे बघत नाचते आणि थेट फुलांच्या दिशेलाच तोंड करून डुलते. बोट दाखवावं तसं. संधी मिळाली तर कुंपणातल्या फुलोरीजवळ दोन हात अंतरावर बसून हे नक्की बघा, सूर्याचा हिशेब न करता दिशा कळते. आग्या माशीचं पोळंही उघडंच, पण त्या माश्या नाचतात उभ्या पडद्यावर, त्यामुळे तिथे पुन्हा ‘वर म्हणजे सूर्य’ हाच नियम लागतो.

हे सगळं उलगडलं ते शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी, ऑस्ट्रियात, पाश्चात्त्य मेलिफेरा माशीवर. त्यांची एक चूक मला नेहमी दिलासा देते. १९२० च्या दशकात त्यांनी असं मांडलं होतं की गोल गोल फिरण्याचा नाच म्हणजे मकरंद आणि डुलता नाच म्हणजे पराग. कारण साधं होतं. साखरपाण्याची बशी त्यांनी पेटीच्या जवळ ठेवलेली असायची आणि पराग आणणाऱ्या माश्या लांबच्या खऱ्या फुलांवरून यायच्या. फरक मालाचा नव्हता, अंतराचा होता. १९४४ च्या उन्हाळ्यात बशी लांब नेल्यावर साखरपाणी आणणाऱ्या माश्याही डुलायला लागल्या, आणि वीसेक वर्षांपूर्वीचं स्वतःचंच म्हणणं त्यांनी बदललं. १९७३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तुम्हाला जुन्या पुस्तिकांमध्ये अजूनही ‘गोल नाच मकरंदाचा’ असं वाक्य भेटेल, ते सोडून द्या. अगदी जवळच्या फुलांसाठी डुलती धाव इतकी आखूड होते की नाच गोल वाटतो, एवढंच.

म्हणजे अंतर धावेच्या वेळात असतं. जितकं लांब, तितका वेळ डुलणं. मेलिफेरासाठी ढोबळ हिशेब सांगतात की एक सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. माझी पहिली दोन वर्षं याच वाक्यानं वाया घालवली. मी सातेरीच्या नाचाला मेलिफेराची पट्टी लावत होतो. नाच बघायचो, ‘दीड किलोमीटर’ म्हणायचो आणि मोटरसायकल काढून माळावर हिंडून यायचो. तिथे फूल नाही की माशी नाही. सातेरी त्याच अंतरासाठी जास्त वेळ डुलते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दक्षिण भारतात केलेल्या एका अभ्यासात सातेरी, फुलोरी आणि आग्या या तिघींची तुलना केली होती. सातेरी बहुतेक करून एक किलोमीटरच्या आतच फिरते, आग्या अडीच किलोमीटरपर्यंत जाते, आणि ठरावीक अंतरासाठी सर्वांत लांब डुलणारी सातेरी, सर्वांत कमी डुलणारी आग्या. जिचं रान लहान, ती बारीक मापं वापरते. लांब जाणारीनं तशीच बारीक मापं वापरली तर तिला पोळ्यावर नाचत बसण्यातच वेळ जाईल.

तेव्हा पहिलं काम म्हणजे तुमच्या स्वतःच्या माश्यांची पट्टी तयार करणं. एका लहान बशीत साखर आणि पाणी समसमान घेऊन दाराशी ठेवा. माश्या बसायला लागल्या की बशी आधी हातभर, मग काही पावलं, मग थोडी जास्त अशी सरकवत न्या. घाई केली तर माश्या तुटतात, त्या जुन्याच जागी घिरट्या घालत राहतात. बशीवर शांत बसून पीत असलेल्या माशीच्या पाठीवर, दोन पंखांच्या मुळांमध्ये, गवताच्या काडीनं रंगाचा ठिपका द्या. मग पेटीत फक्त ठिपकेवालीचा नाच बघायचा. बशी १०० मीटरवर असताना, २०० वर, ३०० वर असं तीन ठिकाणी मोजलं तरी पुरतं. माझ्या पेटीत ३०० मीटरला धाव जेमतेम एका सेकंदाची भरते. तुमची वेगळी भरेल, आणि का ते पुढे येईलच. हे काम फुलोऱ्याच्या भरात करू नका. रानात मकरंद असताना तुमच्या साखरपाण्याला माश्या विचारत नाहीत, आणि पिऊन गेल्या तरी त्यासाठी नाचत नाहीत. नाच चांगल्या मालासाठीच होतो.

मोजायला मोबाइल पुरे. काचेवर मधोमध दोरीला नट बांधून ओळंबा सोडा. तो चित्रात आला की मोबाइल तिरका धरला गेला तरी खरी उभी रेषा हाताशी राहते. चित्रण नंतर हळू लावून डुलणं सुरू झालं तिथपासून थांबलं तिथपर्यंतचा वेळ घ्या, आणि धावेचा ओळंब्याशी होणारा कोन कंपासपेटीतल्या कोनमापकानं मोजा. एका धावेवर कधीच विसंबू नका. एकाच माशीच्या एकामागून एक धावा दहा-पंधरा अंशांनी इकडेतिकडे होतात, जवळच्या फुलांसाठी तर आणखी. नाचाची पहिली आणि शेवटची धाव सोडून मधल्या पाच-सहा धावांची सरासरी घ्या.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतो. माझ्या पेट्या महाबळेश्वरच्या घाटाखाली एका वाडीत आहेत, पूर्वेला आणि ईशान्येला दरी. मार्चचा तिसरा आठवडा, जांभूळ फुलायला लागलं होतं, पण माझ्या आसपासच्या झाडांवर अजून कळ्याच होत्या. तरी सकाळी मधकोठीत नवा मकरंद चमकत होता. कुठून आणतात?

पावणेदहाला काच उघडली. तीन माश्या नाचत होत्या आणि तिघींचा कोन जवळपास सारखा, ओळंब्याच्या डावीकडे ६० अंश. धाव माझ्या ३०० मीटरच्या धावेच्या दुप्पट. अंगणात उभ्या रोवलेल्या काठीची सावली बघितली. सावलीच्या बरोबर उलटी बाजू म्हणजे सूर्याची बाजू. त्या दिवसांत, त्या वेळी तो पूर्वेपासून साधारण १७ अंश दक्षिणेकडे झुकलेला असतो, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं मोजलं तर १०७ अंश. त्यातून ६० वजा, उरले ४७. जवळजवळ बरोबर ईशान्य. खरं तर आकडेही लागत नाहीत. काठीजवळ सूर्याकडे तोंड करून उभं राहायचं आणि डावीकडे ६० अंश वळायचं, नाकासमोर फुलं. मी तसा उभा राहिलो तर नाकासमोर दरी.

एका वाचनावर चालू पडायचं नाही हे तोवर शिकलो होतो, म्हणून दोन तास थांबलो. पावणेबाराला सूर्य सरकून १३९ अंशांवर गेला होता. फुलं जर तिथेच असतील तर नाच आता सूर्याच्या डावीकडे ९२ अंश, म्हणजे जवळजवळ आडवा दिसायला हवा. काच उघडली तर माश्या डाव्या हाताला आडव्याच धावत होत्या, किंचित खाली झुकून. सकाळी वर-डावीकडे असलेला नाच दुपारी आडवा होतो आणि तरी दोन्हींचा अर्थ एकच निघतो, हे पहिल्यांदा जुळतं तेव्हा जरा अंगावर काटा येतो. ही तपासणी तुम्हीही करा. दोन वेळच्या वाचनांतून एकच दिशा निघाली नाही, तर बहुधा तुम्ही दोन वेगवेगळ्या जागांचे नाच एकत्र केलेत.

मग ईशान्येला ६०० मीटर. मोबाइलच्या नकाशावर रेघ मारली. टोक पडलं दरीच्या उतारावर, नुसत्या खडकात आणि सुकल्या गवतात. दुर्बिणीनं बघितलं तरी तिथे काही नाही. पण त्याच रेघेवर पुढे, दरीच्या पलीकडच्या अंगाला, हिरवा पट्टा दिसत होता. दुसऱ्या दिवशी वळसा घालून तिकडे गेलो. जांभळाची सात-आठ मोठी झाडं, पूर्ण फुललेली, आणि खाली उभं राहिलं तरी वरून गुणगुण ऐकू येत होती. निघण्यापूर्वी मुलाला सांगून ठेवलं होतं की दारातून बाहेर पडणाऱ्या माश्यांवर तांदळाचं पीठ भुरभुरत राहा. तासाभरात खालच्या फांदीवर पाठीला पांढुरका डाग असलेल्या दोन माश्या सापडल्या. पेटीपासून सरळ रेषेत ते अंतर नकाशावर ८०० मीटर निघालं.

दिशा चुकली नव्हती. अंतर २०० मीटरनं कमी सांगितलं गेलं. त्याचं कारण माशी अंतर मोजते कसं यात आहे. ती पंखांचे फटकारे मोजत नाही की दमणूक मोजत नाही. उडताना खालची-बाजूची जमीन, झाडं, दगड डोळ्यांसमोरून किती सरकले हे ती मोजते. एसटीच्या खिडकीतून रस्त्याकडेची झाडं झरझर मागे जातात आणि लांबचा डोंगर हलत नाही, तोच प्रकार. मधमाश्यांच्या नजरेवर काम करणारे शास्त्रज्ञ श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हे छान दाखवलं. त्यांनी माश्यांना जेमतेम ६ मीटर लांबीच्या, आतून ठिपक्याठिपक्यांच्या अरुंद बोगद्यातून उडवलं. भिंती अगदी जवळ असल्यानं नक्षी झरझर मागे जायची, आणि त्या माश्यांनी घरी येऊन नाच केला तो सुमारे दोनशे मीटर लांबचा. दरीवर याच्या उलट होतं. जमीन एकदम खोल जाते, डोळ्यांना फारसं काही सरकताना दिसत नाही, आणि तेवढी वाट माशीच्या हिशेबात आखडते. पाण्यावरून उडणाऱ्या माश्यांचंही असंच होतं, तलाव ओलांडला तरी नाच फारसा वाढत नाही.

पण यानं बाकीच्या माश्यांची फसगत होत नाही, हे लक्षात घ्या. नाच समजून घेतलेली माशी त्याच दिशेनं, त्याच दरीवरून जाते. तिच्याही डोळ्यांना दरी तेवढीच आखूड दिसते, आणि जिथे तिचा हिशेब पुरा होतो तिथे जांभळं असतात. फसतो तो मीटरमध्ये मोजणारा माणूस. तुमची पट्टी माझ्यापेक्षा वेगळी का भरेल, हेही यात आलं. झाडीतून जाणारी वाट आणि मोकळ्या शेतावरून जाणारी वाट यांची मापं वेगळी. म्हणून बशी ज्या बाजूला नेऊन पट्टी केलीत, ती खात्रीची त्याच बाजूपुरती. मी आता दरीकडच्या नाचांना वेगळा अंदाज लावतो.

वाडीचं नाव का म्हटलं तेही यावरून कळेल. ८०० मीटरवर १५ अंशांची चूक म्हणजे रेघेच्या बाजूला दोनशे मीटरहून जास्त. तेवढ्या टापूत माशी पोहोचते आणि मग नाचणारीच्या अंगाला असलेला वास शोधते. नाच खरंच कामाचा आहे की माश्या नुसत्या वासावर जातात, यावर शास्त्रज्ञांत १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून मोठा वाद झाला. २००५ मध्ये इंग्लंडात नाच बघून निघालेल्या माश्यांच्या पाठीवर रडारला दिसणारी बारीक काडी बसवली आणि त्यांना पेटीच्या दारातून दुसरीकडे नेऊन सोडलं. माश्या त्या नव्या जागेपासून नाचात सांगितलेल्या दिशेला, सांगितलेल्या अंतरापर्यंत सरळ उडाल्या आणि मग तिथे शोधत बसल्या. खाणं अर्थातच तिथे नव्हतं. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं ठरलं असं माझं मत. कारण माझ्याच पेटीत मी बघतो, नाचणारीच्या अंगाला जांभळाचा वास लागला की जुन्या माश्या नाच पुरा न बघताच निघून जातात, कालच्या आपापल्या झाडाकडे. म्हणून एका दिशेला जास्त नाच आहेत म्हणजे निम्म्या माश्या तिकडेच गेल्या असं समजू नका.

आता वाचन बिघडवणाऱ्या गोष्टी, ज्या मी सगळ्या करून बसलो आहे. पेटीतली चौकट बाहेर काढून उन्हात नाच बघण्याचा मोह होतो. उघड्या आकाशाखाली माशीला खरा सूर्य दिसतो आणि ती ‘वर म्हणजे सूर्य’ सोडून त्याच्याकडे बघून कोन धरायला लागते. चौकट आडवी धरली तर ती फुलोरीसारखी थेट दिशाच दाखवते. गंमत म्हणून एकदा करून बघा, पण मोजमापाला ते चालत नाही. टॉर्चचंही तसंच. काचेवर बाजूनं पांढरा उजेड टाकलात तर काही माश्या त्यालाच सूर्य समजतात आणि अख्खा नाच त्या बाजूला वळतो. मी तीन दिवस असे वाकडे कोन लिहून घेतले होते, आणि मग लक्षात आलं की मी टॉर्च रोज खिडकीवर त्याच जागी ठेवतो. काचेवर लाल जिलेटिनचा कागद लावा. लाल रंग माशीला जवळपास दिसत नाही, आपल्याला पुरेसं दिसतं.

ढग आले म्हणून थांबायची गरज नाही. आकाशाचा एखादा निळा तुकडा दिसला तरी त्यातल्या प्रकाशाच्या कंपनांच्या दिशेवरून माशी सूर्य कुठे असेल ते ओळखते. पूर्ण आभाळ भरलं असेल तर मात्र तुमची काठीची सावलीच नाहीशी होते, तेव्हा सूर्याची दिशा मोबाइलवरून घ्या.

सगळे नाच फुलांचेही नसतात. अंग थरथरवत, कुठेही न थांबता पोळंभर भटकणारी माशी दिसली तर तिच्यात दिशा शोधू नका. आलेला मकरंद उतरवून घ्यायला आत माश्या कमी पडतात, तेव्हा हा प्रकार वाढतो. त्या दिवशी मधकोठीत रिकामी पोळी आहेत का ते बघावं. आणि पेटी सोडून झाडाला लटकलेल्या थव्यावर डुलत्या माश्या दिसल्या तर त्या नव्या घराच्या जागा सांगत असतात, तो नाच वाचलात तर एखादी ढोली सापडेल.

एक गोष्ट खास आपल्या अक्षांशाची. युरोपातल्या माश्यांना हा प्रश्न पडतच नाही. सूर्य बरोबर डोक्यावर आला तर ‘सूर्याची बाजू’ म्हणजे कुठली? फॉन फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर १९५० च्या दशकात श्रीलंकेला गेले, तेव्हा त्यांनी हेही बघितलं. सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून दोन-तीन अंशांत आला की नाच विस्कटतात किंवा थांबतात असं दिसलं. आपल्याकडे शून्य सावली दिवस म्हणून ज्याची बातमी येते, तोच हा दिवस. महाबळेश्वरला तो १२ मेच्या आसपास असतो. त्या दिवशी दुपारी साधारण १२ वाजून २० मिनिटांपासून पाऊण वाजेपर्यंत सूर्य त्या तीन अंशांत असतो. मी दोनदा तेवढा वेळ काचेसमोर बसलो. दाराशी ये-जा मंदावली आणि जे दोन-चार नाच झाले ते भोवऱ्यासारखे दर धावेला वेगळ्याच बाजूला. एकच्या सुमाराला पुन्हा नीट कोन धरले गेले. त्या तारखेच्या आधी-नंतरचे दहाएक दिवसही भर दुपारी कमी-जास्त हेच. मे महिन्यात वाचन करायचं तर सकाळी अकराच्या आत आटोपा.

त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे एरवी तो पूर्वेकडून दक्षिणेवरून पश्चिमेला जातो, आता उत्तरेवरून जातो, आणि दुपारी नाचाचा कोन दर तासाला उलट्या बाजूनं सरकतो. माझ्या वहीत जूनमधली काही वाचनं आहेत ज्यांची दिशा आठ दिवस लागत नव्हती. मी सवयीनं दक्षिण धरून बसलो होतो. काठीची सावली त्या दुपारी दक्षिणेला पडत होती, ती मी बघितलीच नव्हती.

शेवटी तुमच्या चार पेट्यांबद्दल. चालू पेट्यांमध्ये यासाठी हात घालू नका. एक छोटी काचेची पेटी करा, दोन-तीन चौकटी एकावर एक, काच आणि पोळं यांत माश्या रगडल्या जाणार नाहीत आणि जादा पोळंही बांधणार नाहीत एवढीच फट. दार पेटीच्या तळाला ठेवा आणि दाराशी एक फळी तिरकी लावून आलेल्या माश्या एकाच बाजूला वळतील असं करा, म्हणजे सगळे नाच तुमच्याकडच्या काचेवर होतील. एरवी काचांवर जाड कापड किंवा थर्माकोल हवंच, कारण सातेरीला उजेड आणि थंडी-गरम दोन्ही सोसत नाही. पहिल्या वर्षी पाहुण्यांना दाखवण्याच्या नादात मी कापड दिवसभर उघडं ठेवलं. चौथ्या दिवशी सकाळी गेलो तर पोळी जागेवर आणि वसाहत पळालेली. तेव्हापासून एका वेळी दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि वहीत आधी वेळ, मग सूर्याची बाजू, मग कोन, मग धाव, याच क्रमानं लिहितो. वेळ लिहायची राहिली तर बाकीच्या आकड्यांचा उपयोग नाही.